एनपीएस, पुनर्खरेदी आणि ब्रँडवरचं प्रेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणाभोवती आहेत. समजा, पश्चिम महाराष्ट्रात चहा पावडर पॅक करून विकणारा एक मध्यम आकाराचा ब्रँड आहे. मुख्य माल ५०० ग्रॅमचं पाकीट. काही विक्री किराणा दुकानांतून होते, काही स्वतःच्या वेबसाइटवरून. या ब्रँडचे आकडे हिशोब समजावा म्हणून गृहीत धरलेले आहेत. चहा निवडला कारण तो रोज लागतो, महिन्याला संपतो आणि त्याच्या चवीबद्दल प्रत्येक घराचं ठाम मत असतं.

एनपीएस म्हणजे नेमकं काय, आणि तो कसा काढतात?

नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजे एनपीएस, फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ च्या डिसेंबरात ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखातून मांडला. ग्राहकाला एकच प्रश्न विचारायचा: आमचं नाव तुम्ही मित्राला किंवा सहकाऱ्याला सुचवाल याची शक्यता ० ते १० मध्ये किती? ९ किंवा १० देणारे प्रमोटर, ७ किंवा ८ देणारे पॅसिव्ह, आणि ० ते ६ देणारे डिट्रॅक्टर. प्रमोटरांच्या टक्केवारीतून डिट्रॅक्टरांची टक्केवारी वजा केली की एनपीएस मिळतो. तो उणे १०० ते अधिक १०० यांमध्ये कुठेही असू शकतो आणि त्यापुढे टक्क्याचं चिन्ह लावत नाहीत.

आपल्या चहावाल्यांना २०० उत्तरं आली. त्यांत ९६ प्रमोटर, ६४ पॅसिव्ह, ४० डिट्रॅक्टर. म्हणजे ४८ टक्के वजा २० टक्के, एनपीएस २८. गुण B स्तंभात असतील तर शीटमध्ये हे सूत्र चालतं:

```
=ROUND(100*(COUNTIF(B2:B201,">=9")-COUNTIF(B2:B201,"<=6"))/COUNT(B2:B201),1)
```

एक खबरदारी घ्या. फॉर्ममधून आलेले काही गुण शीटमध्ये आकडा म्हणून न येता मजकूर म्हणून उतरतात. ते या सूत्रात वर-खाली कुठेच मोजले जात नाहीत आणि कसली चूकही दिसत नाही. म्हणून `COUNT` चं उत्तर एकूण उत्तरांच्या संख्येशी जुळतंय का, हे आधी पाहा.

२८ हा आकडा चांगला की वाईट?

एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. एका ब्रँडकडे २८ टक्के प्रमोटर, ७२ टक्के पॅसिव्ह आणि एकही नाराज नाही, असं असेल तर त्याचा एनपीएस २८. दुसऱ्याकडे ६४ टक्के प्रमोटर आणि ३६ टक्के डिट्रॅक्टर असतील तर त्याचाही २८. पहिला चहा कुणाला खटकत नाही आणि बहुतेकांना लक्षातही राहत नाही. दुसरा चहा कडक आहे, अर्ध्याहून जास्त लोक त्याच्यावर फिदा आहेत आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना तो कडू लागतो. ब्रँडवरच्या प्रेमाचा प्रश्न असेल तर ही दोन टोकं आहेत आणि वजाबाकी त्यांना एका रांगेत बसवते.

म्हणून अहवालात एनपीएसच्या शेजारी तिन्ही गटांची टक्केवारी द्याच. शक्य असेल तर ० ते १० चे अकरा दांडे असलेला साधा आलेखही लावा. तो पाहायला दहा सेकंद लागतात आणि एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

गेल्या तिमाहीत एनपीएस २८ होता, आता ३६ आहे. सुधारणा झाली म्हणायची का?

दोन्ही वेळा २०० च उत्तरं असतील तर नाही म्हणता येणार. एनपीएस हा दोन टक्केवारींतला फरक असल्यानं तो साध्या टक्केवारीपेक्षा जास्त हलतो. त्याची चूक-मर्यादा अशी काढतात (p म्हणजे प्रमोटरांचा, d म्हणजे डिट्रॅक्टरांचा हिस्सा, n म्हणजे उत्तरं):

```
1.96 * sqrt( (p + d - (p - d)^2) / n )
```

०.४८, ०.२० आणि २०० घातले की साधारण ०.१०७ येतं. म्हणजे २८ हा आकडा खरं तर ‘१७ ते ३९ मध्ये कुठेतरी’ असा वाचायचा. दोन तिमाहींतल्या फरकाची मर्यादा त्याहून मोठी, सुमारे १५ गुण. आठ गुणांची वाढ त्यात सहज बुडून जाते. मर्यादा ५ गुणांवर आणायची असेल तर सुमारे ९२५ उत्तरं लागतील. तेवढी येत नसतील तर दर महिन्याचा आकडा भिंतीवर लावू नका; चार तिमाहींची उत्तरं एकत्र करा. दोन-तीन गुणांच्या चढ-उतारावर विक्री विभागाचा बोनस ठरवणं म्हणजे नाणं उडवून पगार ठरवण्यासारखं आहे. कंपन्यांमध्ये हे सर्रास चालतं आणि ते थांबायला हवं.

६ गुण देणारा ग्राहक खरंच नाराज असतो का?

महाराष्ट्रात तरी जपून. आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात गुणांची मोजपट्टी दहावीच्या निकालपत्राची असते. ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्राविण्य. या मोजपट्टीनं दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास आणि आठ म्हणजे डिस्टिंक्शन. एनपीएसच्या हिशोबात मात्र हाच फर्स्ट क्लास डिट्रॅक्टरांत जमा होतो आणि डिस्टिंक्शनवाला मोजणीतूनच बाहेर पडतो. ‘पैकीच्या पैकी कुणालाच द्यायचे नसतात’ असं मानणारी पिढी तर ८ देऊन मनापासून कौतुक करत असते.

याचा अर्थ गटांच्या सीमा आपल्या सोयीनं बदलायच्या असा नाही. त्या बदलल्या तर तो एनपीएस उरत नाही. उपाय साधा आहे: ५ आणि ६ देणाऱ्यांपैकी तीस-चाळीस जणांना फोन करा आणि ‘काय कमी पडलं?’ एवढंच विचारा. ‘काही नाही हो, चांगला आहे की चहा’ असं उत्तर बहुतेकांकडून आलं, तर तुमच्या डिट्रॅक्टरांतले बरेचसे प्रथम श्रेणीतले पाहुणे आहेत. दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या आकड्याशी तुलना करण्यात तर काहीच हशील नाही. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या वर्षाशी, किंवा त्याच प्रश्नानं त्याच गावात मोजलेल्या दुसऱ्या ब्रँडशी.

प्रश्न मराठीत कसा विचारावा? आणि कधी?

‘आमच्या उत्पादनाची शिफारस करण्याची शक्यता’ हे वाक्य कागदावर बरोबर आहे, पण ‘शिफारस’ म्हटलं की लोकांना नोकरीची चिठ्ठी आठवते. ‘ओळखीच्या कुणाला आमचा चहा घ्यायला सांगाल, याची शक्यता ० ते १० मध्ये किती?’ हे बोलण्यातलं आहे आणि मूळ प्रश्नाच्या जवळही आहे. ‘शेजारणीनं चांगला चहा कुठला विचारलं तर’ अशी सुरुवात केली की गुण वाढतात, कारण आता विषय तुम्ही काढायचा नाही, ती विचारतेय. एकदा ठरवलेले शब्द मग वर्षानुवर्षं तेच ठेवा. ० म्हणजे काय आणि १० म्हणजे काय, हे दोन्ही टोकांना अक्षरांत लिहा. काही जण १ ला सर्वोत्तम समजतात, पहिला नंबर म्हणून.

वेळेचं महत्त्व शब्दांपेक्षा कमी नाही. पार्सल पोचल्याच्या संध्याकाळी मेसेज गेला तर गुण मिळतात ते कुरिअरवाल्याला. चहाची फोड अशी करा: कपाला साधारण अडीच ग्रॅम पावडर, चौघांच्या घरात दिवसाला ८ कप, म्हणजे रोज २० ग्रॅम. ५०० ग्रॅमचं पाकीट २५ दिवस पुरतं. प्रश्न विसाव्या दिवसाच्या आसपास पाठवा. तोवर चहा पाहुण्यांना देऊन झालेला असतो आणि पाकीटही अजून ओट्यावर असतं.

गुणांच्या खाली एक मोकळी ओळ ठेवा: ‘हे गुण का दिले?’ चहा, पॅकिंग, दर की पोचवणं, यांपैकी लोक कशाबद्दल बोलतायत ते फक्त तिथंच कळतं.

उत्तरच न देणाऱ्यांचं काय?

एनपीएसचं सर्वांत मोठं आंधळं ठिकाण हेच. २,००० जणांना मेसेज गेला आणि २०० जणांनी उत्तर दिलं, तर १,८०० जणांबद्दल तो आकडा गप्प आहे. उत्तर देणारे बहुधा खूप खूश तरी असतात, खूप चिडलेले तरी. ज्याला तुमच्या चहाचं काहीच वाटत नाही तो लिंक उघडतच नाही. प्रेमाचा विरुद्ध शब्द द्वेष नसून बेफिकिरी आहे असं मानलं, तर एनपीएस नेमक्या त्याच माणसापर्यंत पोचत नाही.

त्यात भर पडते ती मागून घेतलेल्या गुणांची. गाडी सर्व्हिसिंगला दिलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं असतं: ‘सर, कंपनीतून फोन येईल, तेवढे दहा द्या, नाहीतर आमचं कापतात.’ माणूस दहा देतो ते त्या मुलाच्या पगाराकडे बघून. असं होतंय का हे ओळखायची खूण म्हणजे १० चा दांडा अचानक उंच होतो, ९ चा मात्र जवळजवळ रिकामा राहतो आणि मोकळ्या ओळीत काहीच लिहिलेलं नसतं. राइकहेल्ड यांनी स्वतःच २०२१ मध्ये ही विकृती मान्य करून, ग्राहकाच्या तोंडी गुणांना हिशोबवहीची जोड द्यायला सांगितलं: जुने ग्राहक किती वाढीव खरेदी करतात आणि नवे ग्राहक कुणाच्या सांगण्यावरून येतात, ते मोजा.

मग पुनर्खरेदीचा दर जास्त भरवशाचा नाही का? तो कसा काढायचा?

तो वागणं मोजतो, बोलणं नाही, हा त्याचा फायदा खराच. पण काढायची पद्धत चुकली तर तोही फसवतो. ‘या महिन्यातल्या ऑर्डरींपैकी किती जुन्या ग्राहकांच्या’ हा दर काढू नका. नव्या ग्राहकांसाठीची जाहिरात बंद केली की हा दर आपोआप चढतो आणि धंदा खाली येत असताना आलेख वर जाताना दिसतो.

बरोबर पद्धत तुकडीची. जानेवारीत ज्यांनी पहिल्यांदा पाकीट घेतलं अशी ४०० घरं घ्या. प्रत्येक घराला त्याच्या खरेदीच्या तारखेपासून सारखेच दिवस द्या. पाकीट २५ दिवस पुरतं, घरात कधी आधीचा साठा असतो, कधी माणसं गावाला जातात. म्हणून तीन पाकिटांचा काळ, ७५ दिवस, धरणं योग्य. ३१ जानेवारीला घेणाऱ्याचे ७५ दिवस एप्रिलच्या मध्याला पुरे होतात, त्यामुळे त्याआधी हिशोब करायचाच नाही. ३० दिवसांची खिडकी ठेवली तर ज्यांच्या डब्यात अजून पावडर आहे तेही ‘सोडून गेलेले’ दिसतील. ‘एकावर एक’ची योजना चालली असेल तर खिडकी दुप्पट करावी लागते.

समजा, ४०० पैकी १४८ घरांनी ७५ दिवसांत पुन्हा घेतलं. दर ३७ टक्के. आता त्यातून कूपन लावूनच घेणारी ६२ घरं बाजूला काढा. पूर्ण दरानं परत आलेली घरं ८६, म्हणजे साडेएकवीस टक्के. दोन्ही आकडे लिहून ठेवा, पण प्रेमाबद्दल काही अनुमान काढायचं असेल तर दुसऱ्यावरून काढा.

उरलेली २५२ घरं गेलीच असंही समजू नका. वेबसाइटवर पहिलं पाकीट घेऊन चव आवडल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून घेणारं घर तुमच्या यादीत हरवलेलं दिसतं; खरं तर तो तुमचा सगळ्यात चांगला ग्राहक असू शकतो. पन्नास घरांना फोन करून ‘सध्या डब्यात कुठला चहा आहे?’ विचारलं की या गळतीचा अंदाज येतो.

पुन्हा पुन्हा घेतात म्हणजे आवडतोच ना?

इथं थोडं थांबायला हवं, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथंच होतो.

किराणा दुकानाच्या काउंटरवर काय घडतं ते पाहा. महिन्याची यादी येते, तिच्यावर फक्त ‘चहा अर्धा किलो’ लिहिलेलं असतं. दुकानदार नेहमीचं पाकीट पिशवीत टाकतो. घरच्यांनी ब्रँड निवडलेलाच नाही. तो निवडला दुकानदारानं, आणि त्यानं निवडला तो मार्जिन, उधारीची मुदत आणि वितरकाची गाडी दर मंगळवारी येते का, यांवर. ही खरेदी वर्षभर बारा वेळा होते आणि तुमच्या तक्त्यात ‘निष्ठावान घर’ म्हणून झळकते.

दुसरी गोष्ट, यादी लिहिणारी, पैसे देणारा आणि चहा पिणारे ही वेगवेगळी माणसं असतात. सासूबाईंना कडक लागतो म्हणून तो ब्रँड येतो, सूनबाईंना तो आवडत नाही, आणि एनपीएसचा मेसेज जातो मुलाच्या मोबाइलवर, ज्यानं ऑर्डर दिली पण जो ऑफिसात कॉफी पितो. या घरात प्रेम कुणाचं, आणि आपण मोजलं कुणाचं?

तिसरी गोष्ट, बदलण्याचा त्रास. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी सुरू होण्याआधी लोक वर्षानुवर्षं एकाच कंपनीचं रिचार्ज करत होते. त्यांचा जीव जडला होता तो स्वतःच्या नंबरवर, जो दुकानाच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेवर छापलेला होता. पुनर्खरेदीच्या तक्त्यात ही अडकणूक आणि ओढ एकसारखीच दिसतात.

ॲलन डिक आणि कुणाल बसू यांनी १९९४ मध्ये याची नीट मांडणी केली. खरेदी वारंवार, पण मनात ओढ नाही, ही खोटी निष्ठा. ओढ आहे, पण खरेदी होत नाही, ही सुप्त निष्ठा. दुसरा प्रकार आपल्या उदाहरणात हटकून सापडतो: लग्न होऊन बंगळूरला गेलेली मुलगी माहेरी आली की चार पाकिटं बॅगेत टाकते. तक्त्यात ती वर्षातून एकदा दिसते, आणि तिच्याएवढं त्या चहावर प्रेम करणारं दुसरं कुणी नसेल.

आमचा ब्रँड लहान आहे आणि पुनर्खरेदी मोठ्या ब्रँडपेक्षा कमी आहे. लोकांना आम्ही कमी आवडतो का?

बहुधा तसं नाही. लहान ब्रँडला दुहेरी फटका बसतो: त्याचे ग्राहक कमी असतातच, शिवाय ते ग्राहकही तो ब्रँड थोडा कमी वेळा घेतात. समाजशास्त्रज्ञ विल्यम मॅकफी यांनी १९६३ मध्ये हे दाखवलं आणि अँड्र्यू एरनबर्ग यांनी साबणापासून न्याहारीच्या पदार्थांपर्यंत कितीतरी वस्तूंत ते पुन्हा पुन्हा पडताळलं. कारण साधं आहे. मोठा चहा ज्यांनी निवडला त्यांच्यातल्या अनेकांना लहान चहा माहीतच नसतो. लहान चहा निवडणाऱ्यांना मात्र मोठा माहीत असतो, समोरच्या फळीवर दिसतो, आणि कधीमधी तोही पिशवीत पडतो.

म्हणून स्वतःचा दर ताडून पाहायचा तो तुमच्याएवढ्याच हिश्श्याच्या दुसऱ्या ब्रँडशी. त्यापेक्षा तो ठळकपणे जास्त असेल तर काहीतरी खास आहे. मोठ्या ब्रँडपेक्षा कमी आहे म्हणून चव बदलायला घेतली तर हातचे ग्राहकही जातील.

एनपीएस वाढला की विक्री वाढते, हे खरं ना?

मूळ लेखाचा दावा तसा होता. २००७ मध्ये टिमोथी कायनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या ग्राहक-समाधानाच्या आकड्यांवर तो तपासला, तेव्हा वाढीचा अंदाज देण्यात एनपीएस जुन्या समाधान-निर्देशांकापेक्षा सरस ठरला नाही. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की ‘एकच आकडा पुरे’ हे म्हणणं सोडून द्यावं.

एनपीएस आणि पुनर्खरेदी एकत्र कशी वाचायची?

दोन वेगळे तक्ते करू नका. प्रत्येक घराचे गुण आणि त्याच घराची खरेदी एका ओळीत आणा. मोबाइल नंबर हा जोडणारा धागा. जानेवारीच्या ४०० घरांपैकी १३० घरांनी गुण दिले असं धरू. पूर्ण दरानं परत आलेली ८६ घरं त्यांत अशी वाटली गेली:

प्रमोटर ६२, परत आले २९.
पॅसिव्ह ४१, परत आले १४.
डिट्रॅक्टर २७, परत आले ६.
उत्तर न देणारे २७०, परत आले ३७.

पहिली ओळ आधी वाचा. दहापैकी नऊ-दहा गुण देणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक परत आलेलेच नाहीत. त्यांनी खोटं सांगितलं असं नाही. चहा चांगला वाटला, सांगायलाही हरकत नाही, पण रोजची सवय मोडण्याएवढा नाही. आता शेवटच्या दोन ओळी. डिट्रॅक्टरांतले २२ टक्के परत आले, गप्प राहिलेल्यांतले १४ टक्केच. तक्ता असा आला तर तक्रार करणारा ग्राहक गप्प ग्राहकापेक्षा तुमच्या जवळचा आहे. ‘पूर्वीसारखा रंग येत नाही’ असं लिहून ५ गुण देणाऱ्याला तुमचा पूर्वीचा रंग आठवतोय. त्याला पहिला फोन करा.

तुमच्या तक्त्यात आकडे वेगळे येतील. पण ही चौथी ओळ, उत्तर न देणाऱ्यांची, बहुतेक अहवालांत नसतेच, आणि ती घातल्याशिवाय बाकीच्या तीन ओळींचा अर्थ लागत नाही.

मग प्रेम दिसतं तरी कुठं?

राजीव बत्रा, ॲरन अहुविया आणि रिचर्ड बॅगोझी यांनी २०१२ मध्ये ब्रँडवरच्या प्रेमाचे घटक लोकांच्या मुलाखतींतून वेगळे काढले. त्यांत ओढ आहे, स्वतःच्या ओळखीशी जुळणं आहे, दीर्घ सोबतीची भावना आहे, आणि एक घटक असा आहे की जो एनपीएसच्या प्रश्नात नाही आणि विक्रीच्या तक्त्यातही नाही: ती वस्तू नाहीशी झाली तर चुकचुकल्यासारखं होईल का?

याचं आपल्याकडचं सर्वांत स्पष्ट उदाहरण २०१५ चं. ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशानं मॅगी नूडल्स बाजारातून काढावे लागले. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द करून नव्यानं चाचण्या करायला सांगितलं, आणि ९ नोव्हेंबरला मॅगी परत विक्रीला आली. मधल्या पाच महिन्यांत पुनर्खरेदीचा दर शून्य होता. त्या काळात कुणी तक्ता पाहिला असता तर ब्रँड मेलेला दिसला असता. दुसरे नूडल्स दुकानांत होते. तरी परतल्यावर स्नॅपडीलवर ६०,००० किट पाच मिनिटांत संपली. भूक भागवायला पर्याय असूनही लोक थांबले होते, आणि हे थांबणं आधीच्या कुठल्याही महिन्याच्या विक्रीतून वेगळं काढता आलं नसतं. अर्थात त्या पाच मिनिटांत कुतूहल आणि बातम्यांचा गाजावाजाही होता. त्यापेक्षा भक्कम पुरावा असा की पुढे मॅगीनं बाजारातलं पहिलं स्थान परत मिळवलं.

ही ‘नसल्यावरची’ परीक्षा आमच्यासारख्या ब्रँडनं कशी घ्यावी?

मुद्दाम माल अडवू नका, दुकानदार दुखावेल. वितरणात आपोआप खंड पडतो, त्याचाच उपयोग करा. वीस दुकानं निवडा, प्रत्येक काउंटरवर एक छोटी वही ठेवा. माल संपलेला असताना कुणी तुमच्या ब्रँडचं नाव घेऊन मागितलं तर चार रकान्यांपैकी एकात रेघ मारायची: दुसरा ब्रँड घेतला, सुटा चहा घेतला, न घेता गेला, ‘आला की माझ्यासाठी ठेवा’ म्हणाला. फक्त ‘चहा द्या’ म्हणणारा मोजायचा नाही. दुकानदाराला प्रत्येक भरलेल्या पानाचे पैसे द्या, रेघांच्या संख्येवर देऊ नका, नाहीतर रेघा वाढतात.

समजा, खंडाच्या दिवसांत १४० जणांनी नाव घेऊन मागितलं. ९७ जणांनी दुसरा ब्रँड घेतला, १८ जणांनी सुटा, १४ जण तसेच गेले आणि ११ जणांनी ठेवायला सांगितलं. ‘तसेच गेले’ हा रकाना कच्चा आहे. घरी अजून आठवड्याचा चहा असेल. शेवटचा रकाना मात्र पक्का. ११ म्हणजे सुमारे ८ टक्के. त्यांतले किती जण खरंच येऊन घेऊन गेले, तेही त्याच वहीत टिपा. आणि हीच नोंद आघाडीचा ब्रँड संपलेला असतानाही करा, कारण तुलनेशिवाय ८ टक्क्यांचं काय करायचं ते कळणार नाही.

दुसरी परीक्षा दराची. पाकिटाचा दर १५ रुपयांनी वाढवायचा असेल तर आधी एकाच जिल्ह्यात वाढवा, शेजारच्या जिल्ह्यात जुना दर ७५ दिवस ठेवा आणि दोन्हीकडची पूर्ण दरातली पुनर्खरेदी पाहा. दर वाढल्यावरही टिकलेल्या घरांत सवयीची घरं असतातच, पण फक्त स्वस्ताईसाठी आलेली गळून पडतात. एक अडचण आहे: लिलावात चहा महाग झाला की सगळेच ब्रँड दर वाढवतात, आणि मग तुमच्या वाढीचा परिणाम दिसत नाही. म्हणून स्वतःचा दर न नोंदवता, आघाडीच्या ब्रँडपेक्षा किती रुपये जास्त किंवा कमी, हा फरक नोंदवा.

एवढं सगळं करूनही काय कळत नाही?

ज्यांनी तुमचा चहा कधीच घेतला नाही ते का घेत नाहीत, हे कळत नाही. या सगळ्या मोजण्या ग्राहकांच्या यादीपासून सुरू होतात आणि यादीबाहेरचा माणूस त्यांना दिसत नाही. प्रेम कशावर आहे तेही उलगडत नाही: चवीवर, पाकिटावरच्या जुन्या चित्रावर, की वडील तोच आणायचे या आठवणीवर. आणि हे न कळता पाकिटाचं चित्र बदललं तर काय होईल, याचा अंदाज एनपीएस ७० असला तरी बांधता येत नाही. त्यासाठी दहा-बारा घरांत जाऊन, ओट्यापाशी उभं राहून, चहा होईपर्यंत बोलावं लागतं. डबा कुठल्या फळीवर आहे, पाकीट फोडल्यावर ते डब्यात ओततात की क्लिप लावून पाकिटातच ठेवतात, पाहुण्यांसाठी वेगळी पावडर आहे का, हे तिथं दिसतं. ज्या घरात रोजचा एक आणि पाहुण्यांचा दुसरा असे दोन डबे असतात, तिथं तुमचा चहा कुठल्या डब्यात आहे ते आधी पाहा.